आमचं झालंय

केंद्र सरकारच्या एका खात्यात मी चौतीस वर्षं फायली हाकल्या. निवृत्तीनंतर नोएडातल्या आमच्या मराठी ज्येष्ठ मंडळाचा सचिव झालो. जित्याची खोड! घरातही बायकोच्या औषधपाण्याची फाइल मीच ठेवायचो.

त्या ऑक्टोबरात क्लबहाउसमध्ये लसींवर बोलायला एका सभासदाची डॉक्टर सून आली होती. मुलगी नीट सांगत होती. फ्लूची लस दरवर्षी घ्यायची, कारण विषाणू रूप बदलतो आणि आधीच्या लसीचा जोरही ओसरतो. न्यूमोनियाची लस वेगळी. ती दरवर्षी लागत नाही, पण ती एकाच जंतूला अडवते. साठीनंतर साधा फ्लूसुद्धा छातीत उतरतो, म्हणून थंडीच्या आधीच घ्या. अंगात मुरायला दोन आठवडे लागतात. माझं लक्ष साबुदाणावड्यांकडे होतं.

बायकोनं हात वर केला. "आमची मागची कधी..."

"आमचं झालंय," मी स्टेजवरूनच म्हणालो. "फाइलमध्ये चिठ्ठी आहे."

"काका, पण कोणती झाली?" डॉक्टरनं विचारलं.

"दोन्ही. बिल्कुल! चलो, चहा घ्या."

सगळे हसले. बायकोनं हात खाली घेतला.

डिसेंबरात तिला ताप आला. तिसऱ्या दिवशी जिना चढताना धाप लागली, तेव्हा हॉस्पिटलात नेलं. फ्लूच होता, थेट फुप्फुसात उतरलेला. नवव्या दिवशी ती गेली.

तिचं सरकारी हेल्थ कार्ड परत करायचं होतं, म्हणून पुढे फाइल उघडली. दोन्ही लसींची चिठ्ठी होती, पण दोन वर्षांपूर्वीची. त्यावर लाल शाईत माझंच अक्षर: 'काम पूर्ण.' मी तिथेच खुर्चीत बसून ढसाढसा रडलो.

त्याच डॉक्टरला विचारलं, "यंदाची घेतली असती तर?"

"खात्री नाही देता येत, काका. पण आजार इतका विकोपाला जायची शक्यता कमी झाली असती."

मला तिचा रागच आला. खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं?

या ऑक्टोबरात लसींवर मीच बोललो, जेमतेम दहा मिनिटं. शेवटी पुढच्या रांगेतल्या एक वहिनी काहीतरी विचारायला उठू लागल्या. शेजारी त्यांचे यजमान, निवृत्त सुभेदार. त्यांनी बसल्याबसल्या हात हलवला.

"आमचं झालंय, साहेब."

लोक हसले. मला हसू आलं नाही. मी माइक घेऊन खाली उतरलो आणि वहिनींपुढे धरला.

"तुम्ही सांगा. तुम्ही शेवटची लस कधी घेतली?"

त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला काय माहीत, भाऊजी," त्या म्हणाल्या. "ह्यांनाच ठाऊक."