हळदीचं बोट

धुरपदाबाईंच्या नाकाला सुरतेच्या उधन्यातली अख्खी गल्ली वचकून होती. दूधवाल्याने पाणी किती घातलंय ते त्या भांड्यावर वाकून सांगायच्या. खानदेशातल्या पारोळ्याकडून लग्न होऊन त्या इथे आल्या, नवऱ्याचं आयुष्य कापडाच्या लूमवर गेलं, आता मुलगाही लूमवरच होता. पण बाईंनी एक गोष्ट पहिल्यापासून सांभाळली. महानुभाव पंथाचा उपदेश घेतला, त्या दिवसापासून मांस, अंडं, दारू यांचा वाससुद्धा घरात येऊ दिला नाही. चाळीतल्या बाया म्हणायच्या, "बाई इश्वास ठेवस फक्त देववर, तेबी तपाशीसन."

तर नातीच्या, हर्षदाच्या, पाचव्या वाढदिवसाला सुनेने केक केला. सून गायत्री बारावी झालेली, हाताची चलाख. कुकरची शिट्टी आणि रबर काढून तळाशी वाळू पसरायची, ती तापली की त्यावर डबा ठेवायचा. केक असा फुगला की झाकणाला टेकला. धुरपदाबाईंनी दोन तुकडे खाल्ले. दुसरा मागून घेतला.

तेवढ्यात शेजारच्या पुष्पाबाई तोंड पुसत म्हणाल्या, "बाई, राग नका मानू. पण अंड्याशिवाय असा कापूस होत नाही हो."

पुष्पाबाई त्यांच्याच पंथाच्या, उपदेश घेतलेल्या. त्यांचं बोलणं धुरपदाबाईंच्या मनात रुतलं.

"काय टाकस वं तू त्याम्हा?" रात्री त्यांनी सुनेला विचारलं.

"मैदा, साखर, तेल, दही, सोडा. एवढंच, आत्याबाई."

"दही? केकमां दही?"

"हो. दह्यानेच तर फुगतो."

हे तर अगदीच पटलं नाही. दह्याने कढी होते, दह्याने काही फुगत नाही. सकाळी त्यांनी कचऱ्याची बादली उपसली. टरफल नाही. केकचा डबा नाकाशी धरला, नुसत्या वेलचीचा वास. म्हणजे पोरीने टरफलंही लांब नेऊन टाकली! त्या दिवसापासून धुरपदाबाई आपली भाकरी आपण थापू लागल्या. सुनेच्या हातचं पाणीसुद्धा नको. पोटात अंडं गेलं असेल तर आश्रमात जाऊन कबूल करावं लागेल, आणि मग या घरातल्या चुलीचं काय? गायत्री दोन दिवस मुकाट्याने ताट पुढे ठेवायची आणि तसंच उचलायची. तिसऱ्या दिवशी ती रडवेली होऊन म्हणाली, "उद्या तुमच्यासमोर करते. सगळं तुमच्या हाताने द्या."

"देसूच," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गायत्री नळावर गेली, तशी बाईंनी मांडणी धुंडाळली. पिठाच्या डब्यामागे, ताटलीने झाकलेलं एक पातेलं. लपवलेलं! त्यांनी ताटली उचलली. दही होतं, दोन दिवसांचं, नाकाला झोंबेल इतकं आंबट. यातच काहीतरी कालवत असेल, दुसरं काय? बाईंनी पुराव्याला थोडं वाटीत काढून ठेवलं, बाकीचं कढईत ओतलं, बेसन, हळद घालून कढी चढवली. पातेलं घासून त्यात आपलं रात्री विरजलेलं दही भरलं. गोड, थुलथुलीत, सुरीने कापावं असं. पाहुण्याला वाढायचं दही. आता कर म्हणावं कसा करतेस तो.

गायत्री आली. मैदा बाईंनी चाळून दिला, साखर, तेल बाईंनी मोजून दिलं, दही बाईंनी ओतलं. शेवटी चमचाभर सोडा. गायत्रीने ढवळलं आणि क्षणभर थांबली. नेहमी सोडा पडला की पिठात फेस धरायचा, फसफसायचं. आज पीठ गपगार. सोडा जुना असेल, असं म्हणून तिने डबा घाईने गरम वाळूवर ठेवला.

पाऊण तासाने झाकण उघडलं. केक अर्ध्यावरच बसलेला. वरून नेहमीपेक्षा तांबूस, कापला तर आत चिकट, घट्ट. गायत्रीने कण जिभेवर ठेवला आणि तोंड वेडंवाकडं केलं. साबण चाटल्यासारखं.

"पाह्यलं?" धुरपदाबाई म्हणाल्या. आवाज जिंकल्याचा होता. "मन्हासमोर नही फुगना! अंडं नव्हतं ना आज!"

आणि पुरावा दाखवायला म्हणून त्यांनी कढीच्या हळदीने माखलेल्या ओल्या बोटांनी केकचा तुकडा उचलला. बोटं टेकली तिथे केक लाल झाला. रक्तासारखा.

"आय वं!" त्यांच्या हातून तुकडा पडला. "हाई काय शे?"

गायत्री त्या लाल डागाकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाई, पदराला हळद लागली आणि साबण लावला, तर डाग कसा होतो?"

"लाल."

"का?"

"साबणाचा खार लागला म्हणून."

"मग या केकमध्ये खार कुठला राहिला?"

धुरपदाबाईंनी केकचा डबा परत निरखून पाहिला. साबण तर कुणी घातला नव्हता.

"सोड्याचा," गायत्री म्हणाली. "सोडा आंबटाला भेटला की वायू सुटतो, त्याचे बुडबुडे पिठात अडकतात, त्यानेच फुगतो. आज आंबट पुरलं नाही. नुसत्या गरमीने थोडा वायू सुटला, म्हणून अर्धा तरी वर आला. बाकी खार तसाच राहिला. दही कुठलं ओतलंत?"

"मन्हं. गोड."

"आणि पातेल्यातलं?"

बाईंनी कढीकडे बोट दाखवलं. पिवळं बोट.

"मी मुद्दाम आंबवून ठेवलं होतं हो," गायत्री म्हणाली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली, डोळ्यांत पाणी असताना.

बाईंची तरी खात्री पटेना. त्यांनी दोन वाट्या मांडल्या. एकीत आपलं गोड दही, दुसरीत पुराव्याला काढून ठेवलेलं आंबट. दोन्हींत चिमूटभर सोडा टाकला. पहिली जेमतेम हलली. दुसरी फसफसून वाटीबाहेर आली. बाईंनी नाक लावलं. अंड्याचा वास कुठेच नव्हता.

"पुष्पाकडून आंबट दही आण," त्या म्हणाल्या.

दह्यामागून पुष्पाबाईही आल्या, गंमत बघायला. त्यांचं दही चार दिवसांचं होतं. गायत्रीने चाखून त्यात निम्मं गोड दही मिसळलं. "इतकं आंबट नुसतं घातलं तर सोडा संपतो आणि आंबटपणा उरतो. केक फिका पडतो, हातात घेतला की भुगा होतो." या वेळी सोडा बाईंनी स्वतः टाकला, पीठ फसफसलं तसं त्याच ओरडल्या, "ठेव, ठेव लवकर, वारा निघी जाई!"

केक झाकणाला टेकला. धुरपदाबाईंनी आधी हळदीचं बोट लावलं. डाग पिवळाच राहिला. मग त्यांनी तुकडा तोडला आणि गायत्रीच्याच हातात दिला. "तू भरव."

सुनेने घास भरवला. बाईंनी मिटल्या डोळ्यांनी चावला, गिळला, आणि त्यावर तिच्याच हातचं तांब्याभर पाणी प्यायल्या.

पुष्पाबाईंनीही तोंडात टाकला. "काहीही म्हणा बाई, अगदी अंड्याच्या केकसारखाच लागतो!"

धुरपदाबाईंनी तांब्या खाली ठेवला. नाक हळूच पुष्पाबाईंच्या दिशेला वळलं.

"व्हय वं पुष्पा," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "आणि तो कसा लागस, हाई तुले कसं म्हाईत?"