सूर्य आणि चंद्र यांच्या अधेमधे

नकाशेबाईंकडे कुणी पत्रिका घेऊन गेलं, की त्या ती न उघडताच बाजूला ठेवायच्या आणि थकल्या आवाजात विचारायच्या, "जन्मवेळ कुठली? आणि ती पाहिली कुणी?" दुसऱ्या प्रश्नाची सवय त्यांना फार उशिरा लागली. ती कशी लागली, तेच सांगायचं आहे.

आमच्या इंदिरानगरच्या इमारतीत त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. सरकारी खात्यात नकाशे काढण्यात उभी नोकरी गेली, म्हणून सगळे नकाशेबाई म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी पाश्चात्य ज्योतिषाचा नाद धरला, तोही त्यातल्या एका कोपऱ्याचा. राहू, केतू, दशा, साडेसाती यांतलं काही त्या बघत नसत. "लग्न कधी, नोकरी कधी, हे मला विचारू नका. मला तेवढा दम नाही," असं दारातच सांगून टाकायच्या.

त्यांचं सगळं काम मध्यबिंदूंवर चालायचं. राशिचक्रावरच्या दोन ग्रहांच्या बरोबर मधली जागा म्हणजे मध्यबिंदू. तिथे ग्रह असेलच असं नाही, पण दोघांचं म्हणणं तिथे एकत्र येतं. अशा जोड्या कितीतरी निघतात. बाई मात्र आधी सूर्य आणि चंद्राचा बिंदू काढायच्या. "सूर्य म्हणजे तुला काय व्हायचंय. चंद्र म्हणजे तुला काय लागतं. बाप आणि आई म्हण, नवरा आणि बायको म्हण. दोघांचं जिथे जमतं किंवा बिनसतं, ती ही जागा. माणसाची सही इथे असते."

खालच्या मजल्यावरचे इंजिनिअर कुलकर्णी एकदा म्हणाले, "म्हणजे सरासरीच की!" बाईंनी त्यांना सोफ्यावर बसवलं. "सूर्य मीनेच्या वीस अंशांवर, चंद्र मेषेच्या वीसवर. मेषेपासून मोजलं तर तीनशे पन्नास आणि वीस. सरासरी काढा." ती आली एकशे पंच्याऐंशी, म्हणजे तुळेचे पाच अंश. "ग्रह दोघं इकडे आणि तुमचा बिंदू पार पलीकडे. जवळच्या बाजूने मोजायचं. मेषेचे पाच. समोरचा बिंदूही धरतात, पण खरा हा." कुलकर्णी हसले आणि चहाला थांबले.

बिंदू मिळाला की बाई जाड पुठ्ठ्याची तबकडी काढायच्या. तिच्यावर तीनशे साठ अंशांऐवजी नव्वदच होते. मेष, कर्क, तूळ, मकर यांना पहिले तीस, वृषभाच्या चौकडीला पुढचे तीस, मिथुनेच्या चौकडीला शेवटचे. त्यामुळे एकमेकांपासून नव्वद किंवा एकशे ऐंशी अंशांवरचे ग्रह तबकडीवर एकाच जागी यायचे, आणि पंचेचाळीस किंवा एकशे पस्तीस अंशांवरचे अगदी समोर. बिंदूच्या त्या जागी किंवा बरोबर समोर कोण आहे, एवढंच त्या बघायच्या. सवलत द्यायच्या एका अंशाची, फार तर दीड.

त्यांचा स्वतःचा बिंदू त्यांनी मला पहिल्याच वर्षी दाखवला होता. जन्म सकाळी सातचा. सूर्य मिथुनेच्या चोवीस अंशांवर, चंद्र सिंहेच्या अठरावर. मध्य कर्केच्या एकवीसवर. आणि शनी तुळेच्या एकवीसवर, बरोबर काटकोनात. "बघ, सहीवर शिक्का बसलाय," त्या म्हणाल्या. ऑफिसातल्या निफाडच्या एका सहकाऱ्याने त्यांना तरुणपणी लग्नाचं विचारलं होतं. त्यांनी आजारी वडिलांचं कारण सांगून नकार दिला. वडील गेल्यावर त्याने पुन्हा विचारलं, तेव्हाही नकारच दिला, आणि तेव्हा सांगायला कारणही नव्हतं. पुढे त्याचं लग्न झालं. हे ज्योतिष हाती आलं तेव्हा बाईंना कारण सापडलं. शनी. मग त्यांना हायसं वाटलं असावं.

माझाही मध्यबिंदू आणि शनी यांच्यात पंचेचाळीस अंशांचं अंतर आहे. मी घटस्फोटित, चाळिशीची, कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला. त्या सुमारास अनंत नावाच्या एका ओळखीच्या माणसाने मला लग्नाचं विचारलं होतं. त्याची बायको वारलेली, मुलगी शिकायला बाहेरगावी. मी बाईंना सांगितलं, तर त्या तबकडीकडे बघतच म्हणाल्या, "तुझ्या माझ्यासारख्यांना घर लाभत नाही गं. उगाच दमशील." मी अनंतला काहीच कळवलं नाही. दमलेली तर मी होतेच.

त्या हिवाळ्यात बाई आपल्या गावी, नामपूरला, चुलतभावाच्या तेराव्याला गेल्या. तिथे त्यांच्या म्हाताऱ्या काकूशी जन्माचा विषय निघाला. बाई म्हणाल्या, मी सकाळची. काकू म्हणाली, "नही वं माय, तू दिवाबत्तीना टाइमले जलमनी. सकायले तं तुना भाऊ जलमना व्हता." दोन भावंडांच्या वेळा वडिलांनी उलटसुलट सांगितल्या होत्या. शेजारच्या दुसऱ्या म्हातारीनेही तेच सांगितलं. बाळंतपणाच्या खोलीत कंदील तिनेच धरला होता.

बाई परतल्या त्या सरळ माझ्याकडे आल्या. पिशवी हातातच.

"बारा तासांत चंद्र साडेसहा अंश पुढे जातो," त्या म्हणाल्या. "सूर्य अर्धा. बिंदू सरकला साडेतीन."

"म्हणजे?"

"म्हणजे कर्केचे साडेचोवीस. शनी तिथे नाही. म्हातारीची वेळ तासाभराने चुकली असं धरलं, तरी बिंदू अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच हलेल. शनी येतच नाही."

मी पाणी दिलं. ते त्यांनी तसंच धरून ठेवलं.

"कोण आहे मग तिथे?"

"गुरू. मिथुनेचे नऊ. समोर, अर्ध्या अंशात." त्यांनी पाणी खाली ठेवलं. "सुखाची जोडी म्हणतात त्याला. पुस्तकात तसंच आहे."

मला हसू आलं नाही, त्यांनाही नाही.

"त्या माणसाला शनीने नाही म्हटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं होतं. मला भीती वाटली होती, बस. इतकी वर्षं ते शनीच्या नावावर टाकलं."

जरा वेळाने त्यांनी मला विचारलं, "तुझी वेळ कुणी पाहिली?"

"हॉस्पिटलातल्या नर्सने. आईने घड्याळही पाहिलं होतं."

"मग तुझा शनी खरा आहे. पण मी तुला तो चुकीचा वाचून दाखवला. शनी सूर्य-चंद्राच्या बिंदूशी जुळला की जोडी जड होते, उशिरा होते, जबाबदारीची होते. वेगळंही करतो, खोटं कशाला बोलू. पण जे टिकतं तेही त्याच्याचकडे असतं. मी फक्त पहिलं सांगितलं, कारण मला सोबत हवी होती. त्या अनंतला फोन कर. हो म्हण, नाही म्हण, पण तू म्हण."

मी फोन केला. लग्न साधंच झालं, नोंदणीचं. बाई आल्या आणि जेवण होईपर्यंत थांबल्या. निफाडचा तो माणूस त्याआधीच वारला होता, हे मला त्या दिवशी त्यांच्याकडून कळलं.

गुडघे गेल्यावर भाची त्यांना नांदगावला घेऊन गेली. मागच्या उन्हाळ्यात मी भेटायला गेले. त्या पंख्याखाली खुर्चीत होत्या, अर्धवट झोपेत. भाची म्हणाली, आता कुणाचं काही बघत नाहीत. बाईंनी डोळे उघडले, मला ओळखलं.

"भांडता का गं दोघं?"

"भांडतो की."

"आणि मग?"

"मग मी भाजी चिरते, तो कुकर लावतो."

त्यांनी मान हलवली, माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि पुन्हा डोळे मिटले. शेवटची बस चुकेल म्हणून भाचीने दोनदा आठवण करून दिली. हात सोडवून घ्यायला मला जमत नव्हतं. तिसऱ्यांदा तिने हाक मारली, तेव्हा बाईंनीच तो सोडला. "जा," त्या म्हणाल्या, "वाट बघत असेल तो."