दीपमालाबाईंच्या जोडखुणा

सुलतान बाजारातल्या छापखान्यात मी बाइंडिंग करायचो, दीपमालाबाई प्रुफं तपासायच्या. त्यांचे वडील मराठवाड्यातून रेल्वेच्या नोकरीला आलेले. बाई काचीगुड्यात वाढल्या. मॅट्रिक होऊन प्रुफांच्या टेबलाशी बसल्या त्या बसल्याच. मालकांनी घाई केली की म्हणायच्या, "बाइंडरचा डिंक वाळेस्तोवर थांबता ना? मग माझ्यासाठीही थांबा."

शहाण्णव साली कॉम्प्युटर आला. त्यावर बसला उदय, लग्नपत्रिकांचा उस्ताद.

त्याच वर्षी मराठीत पीएचडी करणारा प्रबुद्ध तोंड पाडून आला. त्याचा प्रबंध उदयने टाइप केला होता. मार्गदर्शक पद्मावतीबाईंनी चौथ्या प्रकरणात चार जागी लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हे कोणाचं?' शुक्रवारपर्यंत उत्तर दिलं नाही तर प्रकरण बाद.

"विचार माझाच आहे, ताई. बेचाळीस घरं फिरलो. बायका स्वयंपाक मराठीत सांगतात, भांडतात मात्र दख्खनी उर्दूत."

"हे खरंय. बसा. संदर्भसूची काढा."

मजकुरात कंसात आडनाव आणि साल आलं, की बाई सूचीत तीच नोंद शोधायच्या. दोन्ही जुळलं, की इकडे एक खूण, तिकडे एक खूण. एका लेखकाची एकाच सालातली दोन पुस्तकं निघाली. त्यांना अ, आ लावून वेगळं केलं. दोन दिवस गेले. शेवटी सूचीत चार नोंदी बिनखुणेच्या राहिल्या.

"ही पुस्तकं वाचली नाहीत का?"

"वाचली! वापरलीसुद्धा!"

बाईंनी हस्तलिखित मागवलं. त्यात चारही कंस होते. टाइप केलेल्या प्रतीत नव्हते. वर दुसऱ्याचं मत, खाली प्रबुद्धचं. वरचा कंस गळाल्यावर वाचणाऱ्याला दोन्ही उसनीच वाटणार.

उदयने कान धरले. "परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत नुसता कंस उरला की उडवला, अक्का. पान खराब दिसत होतं."

"पत्रिकेतून नवरदेवाचं नावही उडव, जागा सुटेल."

चारही कंस परत बसवले. तरीही प्रबुद्धला धीर येईना. "माझ्या परिच्छेदालापण एखादं नाव लावू? सेफ्टीला?"

"आपल्या लेकराला शेजाऱ्याचं आडनाव लावता? 'माझ्या पाहणीत' असं लिहा. किती घरं, तेही लिहा."

गुरुवारी पद्मावतीबाईंनी एकेक कंस सूचीशी ताडून पाहिला आणि चारही लाल खुणा खोडरबराने पुसल्या. शुक्रवारी मी प्रबंध बांधला. कापडी पाठ, सोनेरी अक्षरं.

सोमवारी पद्मावतीबाईंनी आणखी दोन विद्यार्थी दीपमालाबाईंकडे धाडले. दोघांनी प्रबंध टेबलावर ठेवले आणि विचारलं, "परवा येऊ का न्यायला?"

"कुठं निघालात?" बाईंनी दोन स्टुलं पुढे ओढली. "पेन्सिली देते. हात तुमचे."