नातीच्या अर्जातली एक ओळ

गेल्या पावसाळ्यात माझी नात तापाने गेली. राजुऱ्याच्या कॉलेजात शिकत होती. दिवाळीआधी रेशनकार्डाच्या पिशवीत मला तिचं ग्रंथालयाचं कार्ड सापडलं. हरवू नये म्हणून मीच ते तिथे ठेवलं होतं आणि विसरले होते. परीक्षेच्या तोंडावर ते मिळेना, तेव्हा मी तिलाच बोलले होते, "तुह्यं ध्यान कुठी रायते?" तिने मुकाट्याने अर्ज करून दुसरं कार्ड काढलं.

सापडलेलं कार्ड घेऊन मी कॉलेजात गेले. ग्रंथपालांनी फाइलमधून तिचा अर्ज काढला. मी चौथी शिकलेली, एकेक अक्षर लावून वाचलं. 'माझ्या निष्काळजीपणामुळे कार्ड हरवले आहे. कृपया दुसरे कार्ड द्यावे. जुने सापडल्यास जमा करीन.'

"हे खोटं आहे, भाऊ. तिनं नाई हरवलं, मी ठेवलं होतं. ही ओळ खोडा."

"खोडता नाई येत, बाई. सारेच पोरं असंच लिहितात. तिले कोणी दोष नाई देऊन राह्यलं."

"मी देल्ला होता."

त्यांनी पेन पुढे केला. अर्जाखाली मी लिहिलं, 'कार्ड आजीने ठेवले होते. पोरीची चूक नाही.' सही केली. त्यांनी जुनं कार्ड जमा करून घेतलं आणि अर्ज परत फाइलला लावला.

लिहिल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. जिने ते वाचायला हवं होतं, ती नव्हती.