प्रमिलाच्या कामाचं स्वरूप

प्रमिला लिल्हारे सकाळपासून चिडलेली होती, आणि चिडली की ती कीबोर्ड असा बडवायची की शेजारच्या अंगणवाडीतली पोरं गप्प बसायची. त्या दिवशी अंगणवाडीत कमालीची शांतता होती.

बोरटोल्याच्या ग्रामपंचायतीत ती संगणक परिचालक. नेमणूक ठेकेदार कंपनीची, काम पंचायतीचं आणि बोलणी सगळ्या गावाची. जन्म-मृत्यूच्या नोंदी, दाखले, घर कुणाच्या नावावर ते सांगणारा नमुना आठ, ग्रामसभेचं इतिवृत्त, सगळं तिच्या बोटांतून जायचं. ग्रामसेवक कटरे साहेबांकडे आणखी दोन गावं. त्यामुळे त्यांची डिजिटल सही, म्हणजे ती लहानशी पेनड्राइव्हसारखी चावी, पासवर्डासकट प्रमिलाच्या टेबलाच्या खणात राहायची. साहेब दुसऱ्या गावातून फोन करायचे, "घालून टाक नोंद, मार सही." आणि ती मारायची. आसपासच्या गावांतही असंच चालायचं, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

वावगं वाटलं ते सुलकनबाईला. नवरा गेल्यावर तिचं घर नमुना आठवर दिराच्या नावावर चढलं होतं. ना वारसांचा अर्ज, ना हरकतीची नोटीस, ना मासिक सभेचा ठराव. दीर एक स्टॅम्पपेपर घेऊन आला, साहेबांचा फोन आला, सही झाली. बाईने तक्रार केली. साहेबांनी खुलाशात लिहून दिलं की नोंद परिचालकाने परस्पर केली. झालं, प्रमिलाला घरी बसवायची भाषा सुरू झाली.

पंचायत समितीने विचारलं, परिचालकाच्या कामाचं स्वरूप लेखी आहे का? ते कुठेच नव्हतं. विस्तार अधिकारी रहांगडाले दुपारी येऊन ते घेऊन जाणार होते, म्हणून कटरे साहेब खुर्ची ओढून सांगायला बसले. आणि टाइप कोण करणार? प्रमिलाच. फाशीचा दोर ज्याचा त्यानेच वळून आणावा, तसला प्रकार.

"लिही," साहेब म्हणाले, "डिजिटल सही सांभाळणे व तिच्या वापराची सर्व जबाबदारी परिचालकाची."

कीबोर्ड थांबला. अंगणवाडीतल्या एका पोराने तेवढ्यात रडून घेतलं.

"सही कोणाची आहे जी?" तिने विचारलं.

"आता शब्द काहून धरून राहिली? सगळीकडे असंच असते."

प्रमिलाने पुढे वाद घातला नाही. साहेब चहाला बाहेर गेले आणि तिने स्वतःच्या मनाने लिहायला घेतलं. नमुना एक ते तेहतीस संगणकावर भरणे. दाखले तयार करून ग्रामसेवकांपुढे ठेवणे. अहवाल ग्रामसेवकांना देणे. इथपर्यंत सरकारी. मग हात सुटला. सरपंचांच्या आईचं वीजबिल भरणे. साहेबांच्या मुलाचे कॉलेजचे अर्ज भरणे. ग्रामसभेत साउंड सिस्टीम बंद पडल्यास बोलणी खाणे. आणि शेवटी: ग्रामसेवकांची सही, ते गावात नसताना, त्यांच्या फोनवरील आदेशाने वापरणे.

रहांगडाले साहेबांनी कागद उभ्या उभ्याच वाचला. वीजबिलाशी हसू दाबलं, शेवटच्या ओळीशी चेहरा उतरला. "हे असं लिहून पाठवता येत नाही, बाई."

"मग खोडा, साहेब," प्रमिला म्हणाली. "जी ओळ खोडाल, ते काम उद्यापासून माझं नाही. आणि जी ठेवाल, तिच्याखाली कटरे साहेबांची सही घ्या. खरी, पेनाची."

कटरे साहेबांनी तिला समजावून पाहिलं, ताई म्हणून पाहिलं, कंपनीला कळवीन असंही म्हणून पाहिलं. तिने खणातून चावी काढून त्यांच्यापुढे ठेवली, पासवर्ड बदलून घ्या म्हणून सांगितलं आणि तोंड खिडकीकडे केलं. रहांगडाले साहेबांनी पेन पुढे केलं. ओळ ठेवली तर सुलकनबाईच्या घरासाठी केलेला तो फोन कागदावर येणार होता. कटरे साहेबांनी पेन घेतलं आणि शेवटची ओळ खोडली. खोडलेली ओळ अजून वाचता येत होती; तो कागद रहांगडाले साहेबांनी तसाच फाइलला लावला. नव्याने टाइप करा, असं मात्र ते म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पंचायतीत ही गर्दी. प्रमिला नोंदी भरत होती, पण सही कशावरच होत नव्हती.

"काय जी मॅडम, कालपर्यंत तर दाखला दोन मिनिटांत देत होत्या," एकजण करवादला. "आज अंगात काय आलं?"

"सही साहेबांची आहे. साहेब येतील तेव्हा होईल."

कुणी म्हणालं हिला माज आला. प्रमिलाचे कान तापले, बोटं आपटायला लागली. तेव्हा बाकड्याच्या टोकाला आपला वारसाचा अर्ज धरून बसलेली सुलकनबाई त्या माणसाकडे वळली.

"बस ना बाप्पा," ती म्हणाली. "दोन मिनिटांत माझं घर गेलं."

कटरे साहेबांची मोटरसायकल वळणावर दिसेपर्यंत सगळे बसून राहिले.