मधला रकाना

मालवणच्या ज्या पार्लरमध्ये मी काम करते, तिथे भिंतीवर केसांच्या ट्रीटमेंटचं एक दरपत्रक लावलेलं आहे. तीन रकाने आहेत. पहिला पाचशेचा, मधला आठशे पन्नासचा आणि तिसरा अठराशेचा. मधला रकाना बाकीच्या दोन्हींपेक्षा बोटभर रुंद आहे आणि त्याच्यामागे फिकट आंब्याचा रंग आहे. हे दरपत्रक मी तयार केलं. त्याबद्दल मला शाबासकी मिळाली, आणि त्याच दरपत्रकाखाली उभं राहून माझे गेले काही महिने गेले.

आमच्या घरात बी. कॉम. झालेली मी पहिलीच. वैभववाडीकडच्या आमच्या गावातून मालवणला कॉलेजात यायचं, तर राहायचं कुठे हा प्रश्न होता. पार्लर चालवणारी ताई आईच्या ओळखीची. तिने मला आपल्या घरी ठेवून घेतलं. सकाळी कॉलेज, दुपारनंतर पार्लर. तीन वर्षं तिच्या ताटातलं जेवले. केसांतून हात कसा फिरवायचा, मानेखाली टॉवेल कसा द्यायचा, क्रीम मुळांना लावायचं की टोकांना, हे सगळं तिने शिकवलं. माझा निकाल लागला त्या दिवशी आईच्याही आधी ती रडली होती. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

पूर्वी आमच्याकडे दरांची लांबलचक यादी होती. केसांच्याच चौदा गोष्टी. बायका ती वरपासून खालपर्यंत वाचायच्या आणि म्हणायच्या, "तुका बरा वाटता ता कर." नाहीतर, "बघतंय मगे," म्हणून निघून जायच्या. ताईने मला कोल्हापूरला एका दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे शिकवलं ते मी वहीत नीट उतरवून आणलं. चौदा नको, तीनच ठेवा. पहिल्या आणि दुसऱ्या दरात अंतर थोडं ठेवा, दुसऱ्या आणि तिसऱ्यात बरंच. तिसरा फार जणी घेणार नाहीत, पण तो शेजारी असला की मधला महाग वाटत नाही. सांगताना सगळ्यात महागापासून सुरुवात करा. बाटलीचं नाव सांगत बसू नका, केस कसे होतील ते सांगा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्याहून मधल्यात काय जास्त मिळतं ते गिऱ्हाइकाला एका दमात सांगता आलं पाहिजे.

हे शेवटचंच मला जमेना. आमच्या पाचशेच्या स्पामध्ये आम्ही सगळंच करत होतो. आधी खास शाम्पूने धुणं, मग क्रीम, मालीश, वाफ. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच घरांत बोअरचं पाणी खारट. त्याचे क्षार केसांवर बसतात. ते आधी काढले नाहीत तर वरून कितीही चांगलं क्रीम लावा, ते वरच्यावर राहतं. म्हणून हा क्षार काढणारा शाम्पू लावून पाच मिनिटं ठेवायचा आणि मग पुढचं. आम्ही त्याला 'खार काढणं' म्हणायचो. गिऱ्हाइकाला कधी वेगळं सांगत नसू.

मी दोन संध्याकाळी कागद घेऊन बसले. मधल्यात काय घालू? ड्रायरने केस सेट करून देणं घातलं, मालीश दहा मिनिटांनी वाढवलं. तरी दोन्हींतला फरक डोळ्यांत भरेना. मग मला सुचलं. मधल्यात काही घालण्याऐवजी पहिल्यातून काढायचं. मी खार काढणं पहिल्यातून काढलं आणि मधल्यात पहिल्या ओळीवर लिहिलं: 'खाऱ्या पाण्याने राठ झालेल्या केसांसाठी खास.' पहिल्यात साध्या शाम्पूचं धुणं ठेवलं. दर तोच, पाचशे.

ताईने वाचलं आणि म्हणाली, "ह्या तुका कॉलेजान शिकवल्यान?"

मी हसले. मला फार अभिमान वाटला होता.

पहिल्याच महिन्यात मधला रकाना चालू लागला. आमच्याकडे बसायला एकच बाकडं, मध्ये एक पडदा. कोण काय सांगते ते सगळ्यांना ऐकू जातं. शेजारी जाऊ बसलेली असताना "माका सगळ्यात स्वस्तातला" असं कुणी म्हणणार नाही. आणि अठराशेचं घेतलं तर गावात चार दिवस तेच बोलणं. मधलं म्हटलं की कुणी कंजूष म्हणत नाही, कुणी माजली असंही म्हणत नाही. बायका खुर्चीत बसायच्या आधीच "मधला" म्हणू लागल्या. ताई माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगायची, "आमच्या चेडवान केल्यान ता."

एक अंगणवाडीताई आमच्याकडे पहिल्यापासून यायच्या. मी त्यांना काकी म्हणते. दोन महिन्यांनी एकदा, ठरलेले पाचशे, त्याहून एक रुपया वर नाही. केस दाट, कमरेपर्यंत. नवीन दरपत्रकानंतरही त्यांनी बोट पहिल्यावरच ठेवलं. मी लिहिल्याप्रमाणे केलं. तीन आठवड्यांनी त्या बाजाराची पिशवी घेऊन दारात उभ्या.

"काय गो, तुझो हात बदललो काय?"

"कित्याक काकी?"

"केस तसेच रवले. काथ्यासारे. पैले तुझ्याकडसून गेलंय की म्हयनोभर बरे ऱ्हवायचे."

मी म्हणाले, पावसाळी हवा आहे, होतं असं. पुढच्या वेळी मालीश जास्त देते. त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "लक्ष खंय आसता तुझा? लगीन जमवतत की काय?" आणि हसत गेल्या. मी मात्र आत जाऊन टॉवेलांच्या घड्या मोडल्या आणि पुन्हा घातल्या. त्यांना वाटलं माझा हात गेला. आणि हात गेला नाही, हे सांगायचं तर काय काढून घेतलं तेही सांगावं लागणार होतं.

त्या दिवशी मी ताईला म्हणाले, "खार काढणं परत पहिल्यात घालूया. मधल्यात वाटल्यास दुसरं काही देऊ."

ताई हिशोब करत नव्हती, रागावलीही नव्हती. ती कंगवे धूत होती. म्हणाली, "मगे मधला कोण घेतला? आणि दराचा कार्ड छापून झाला. चवथ तोंडार इली, मुंबयकार येतले."

"पण ताई, बोअरवाल्यांना त्याच्याशिवाय पहिल्याचा काही उपयोगच नाही."

"मगे बोअरवाल्यांनी मधला घेवचा. असाच तर तू लिवलंस."

मी लिहिलं होतं. कंगवे पुसून झाल्यावर तिलाच वाईट वाटलं असावं. म्हणाली, "बरा. मागतली तिका पाचशेत दी. पण आपणहून सांगायचा नाय, कार्डार लिवायचा नाय."

मला तेव्हा ते उत्तर चांगलं वाटलं. नंतर लक्षात आलं, आम्ही जे कधी वेगळं सांगितलंच नव्हतं ते कुणी मागणार कसं? त्यापुढे बेसिनवर मान टेकवलेल्या प्रत्येक पाचशेवालीचे केस हातात घेतले की बोटांनाच कळायचं, हिच्याकडे विहीर, हिच्याकडे बोअर. खार काढायची बाटली हाताशी असायची. मी साधी बाटली उचलायची. बाहेर ताई गिऱ्हाइकांशी माझ्याबद्दल चांगलंच बोलत असायची आणि ते पडद्यातून आत यायचं. पार्लर सोडून जावं असं दोनदा मनात आलं. पण ज्या घरात तीन वर्षं जेवले, तिथून काय सांगून निघायचं?

गणेश चतुर्थीच्या चार दिवस आधी बाकडं भरलेलं होतं. काकी आल्या, सोबत त्यांची मोठी जाऊ. जाऊबाई महिन्यापूर्वीच पहिल्यांदा येऊन मधलं करून गेल्या होत्या आणि त्यांचे केस खरंच छान दिसत होते. काकींनी त्यांच्याकडे पाहिलं, पिशवीचा बंद घट्ट धरला आणि म्हणाल्या, "माका पण मधला कर."

आवाजात नेहमीचा ठसका नव्हता. मला एवढंच म्हणायचं होतं, "बसा काकी." ते सोपं होतं. त्यांना हवं ते त्यांना मिळालं असतं, ताईलाही.

बोटांना ठाऊक होतं तरी मी विचारलं, "घराक पाणी कसला आसा? विहीर काय बोअर?"

"बोअर. गेल्या वरसापासून."

"मगे तुमका खार काढूचा व्हया तेवढाच. ता पाचशेत करून देतंय, तुमी मागलास तर."

काउंटरवर ताईने मान वर केली. काकी गोंधळून म्हणाल्या, "काय मागू?"

माझ्याआधी जाऊबाई बोलल्या. "माका तर गेल्या म्हयन्यात आठशे पन्नास सांगलंस. पाणी खंय इचारलंस?"

"नाय इचारलंय," मी म्हणाले. "चुकलंय. पयल्या पाचशेतच होता ता. मीच काढलंय."

"शिकलेली चेडवां," जाऊबाई शेजारणीला म्हणाल्या, "काढूचा-घालूचा बरोबर जाणतत."

दोघी-तिघी हसल्या. ताईही हसली, गिऱ्हाइकांपुरती. काकी हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी बाकड्यावर ठेवली, आत आल्या आणि बेसिनवर मान टाकली. "कर तर पाचशेत," डोळे मिटून म्हणाल्या. मी शाम्पू लावला आणि घड्याळाकडे बघत पाच मिनिटं उभी राहिले.

गर्दी ओसरल्यावर ताईने मला चहा दिला. तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "लोकांसमोर मीया खोटी ठरलंय." मी म्हणाले, खोटी मी ठरले, कार्ड माझं होतं. ती म्हणाली, "पार्लर कोणाचा?"

जाऊबाई परत आल्या नाहीत. दरपत्रक भिंतीवर तसंच आहे, कारण मधला अजूनही सगळ्यांत जास्त जातो. केस सेट करून मिळतात, मालीश लांब चालतं, ज्यांना ते हवं असतं त्या खुशीने घेतात. पाण्याचा प्रश्न मी आता सगळ्यांना विचारते आणि बोअर असेल तर खार पाचशेतच काढते. ताई अडवत नाही. पण मी विचारते तेव्हा ती काउंटरवरचं काम थांबवून ऐकत असते, आणि मला ते पाठीमागून कळतं.

काकी मात्र येतात. रागावलेल्या नाहीत. फक्त बेसिनवर मान टेकवण्याआधी दर वेळी विचारतात, "आज ह्यातला काय काढलंस काय गो?" थट्टेनेच विचारतात. मी थट्टेवारी नेत नाही. धुणं, क्रीम, मालीश, वाफ, किती मिनिटं, कुठली बाटली, सगळं एकेक करून सांगते. सांगून झालं की त्या "बरा" म्हणतात आणि मान टेकवतात.