तीन वाजताची परीक्षा

ऑर्विन तोलेफसनचा टीव्ही चुकीच्या भिंतीवर लावला तो मीच. अमेरिकेतल्या दुलुथ शहरात तीस वर्षं टीव्ही लावतोय, त्यामुळे कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. समोर नैऋत्येला भलीमोठी काचेची खिडकी, बाहेर बर्फ, दुपारचं सगळं ऊन थेट टीव्हीवर. पण त्याची मुलगी मार्लिस म्हणाली, फायरप्लेसच्या वरच हवा, शोभून दिसतो. मी म्हटलं, मरू दे, आणि लावला.

ऑर्विन एक्याऐंशीचा. जन्म बंदरात, खनिजाच्या धक्क्यावर गेला. बायको गेल्यावर घर आणि टीव्हीवरची बर्फातली हॉकी एवढंच उरलं. दर शनिवारी दुपारी तीनला मार्लिस यायची, सामना लावायची आणि स्कोर विचारायची. म्हातारा डोळे ताणायचा. पडद्यावर खिडकी, बर्फ आणि त्याचंच तोंड. हॉकीची चकती दिसतेय कशाला! काळं दिसतं गं, म्हणायचा. ती वहीत टिपून ठेवायची. आधी तिने त्याच्या गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या, मग वृद्धाश्रमात खोली ठरली. आपले डोळे गेले, हे त्यालाही पटायला लागलं होतं.

फेब्रुवारीत सामान हलवायचं म्हणून मार्लिसने टीव्ही उतरवायला मला बोलावलं. पडद्यावरचं ऊन बघून माझीच मला लाज वाटली. टीव्ही काढून बाजूच्या भिंतीला टेबलावर ठेवला, म्हणजे खिडकी समोर नको. त्याच्या बायकोचे जाड पडदे ओढले. चित्राचं सेटिंग 'सिनेमा'वर होतं, ते अंधाऱ्या खोलीसाठी. वर वीजबचतही चालू. 'स्टँडर्ड' केलं, बचत बंद केली, टीव्हीच्या आतला उजेड वाढवला आणि हॉकी लावली.

ऑर्विन पुढे वाकला. सतरा नंबरच्या खेळाडूच्या बुटाची नाडी सुटलीय, म्हणाला, आणि ढसाढसा रडला. "डेल, मी आंधळा नाही रे."

तीनला मार्लिस आली. त्याने स्कोर वाचला, घड्याळ वाचलं, जाहिरातीतली बारीक अक्षरंसुद्धा वाचली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीपाशी गेली आणि पडदे सर्रकन उघडले.

"घर विकलंय, बाबा. सोमवारी किल्ल्या द्यायच्यात."

मला गाडीपाशी सोडायला आली तेव्हा मी विचारलंच, त्याचे डोळे धड आहेत हे तुला ठाऊक नव्हतं का. अगदी थंडपणे म्हणाली, "मला माहीत होतं. खिडकीचा पडदा ओढला की सामना स्वच्छ दिसतो, हे मी बघितलं होतं. पण दर शनिवारी इथवर कोण मरत येणार? आणि दुसऱ्या कशाने तो या घरातून हललाच नसता." तिला शिवी तरी कुठल्या तोंडाने देणार? टीव्ही मीच लावला होता ना.

मागच्या शनिवारी वृद्धाश्रमात ऑर्विनला भेटायला गेलो. टीव्ही उंच भिंतीला पक्का बसवलेला, समोर मोठी खिडकी, तिला कागदासारखा पातळ पडदा. हलवता येईल का विचारलं, तर नर्स म्हणाली, सगळ्या खोल्या सारख्याच, नियम आहे. मी कोट काढला आणि खिडकीवर ताणून धरला. सामना लख्ख दिसायला लागला.

"ऑर्विन, बघ तरी."

"राहू दे, डेल. डोळे गेलेत माझे," तो म्हणाला, आणि त्याने मानही वर केली नाही.